पोटमाळ्यावरचे तीन आवाज

लालबागच्या आमच्या चाळीत पोटमाळा नसलेली खोली शोधावी लागेल. खोल्या लहान, पण उंची जुन्या काळची. त्यामुळे प्रत्येकाने कधी ना कधी लोखंडी अँगल टाकून, त्यावर फळ्या ठोकून वर अर्धी खोली काढलीच आहे. वर मुलांचा अभ्यास, पाहुण्यांच्या गाद्या आणि गणपतीच्या मखराचं सामान. खाली स्वयंपाक, टीव्ही आणि झोपणारी माणसं. पोटमाळ्यावर राहणाऱ्याला सगळ्यात आधी काय शिकवत असतील, तर हळू चालायला. वर पेन्सिल पडली तरी खाली माना वर होतात. अशा पोटमाळ्यावर माझ्या पुतण्याने, बंड्याने, मेकॅनिकल कीबोर्ड आणला, आणि तोही निळ्या स्विचचा.

दादाची खोली आणि माझी खोली एकाच गॅलरीत, शेजारी शेजारी. मी ऑफिसांमध्ये फिरून कॉम्प्युटर-प्रिंटर दुरुस्त करतो, त्यामुळे घरातल्या कुठल्याही वायरवाल्या वस्तूचं खापर शेवटी माझ्याच डोक्यावर फुटतं. या प्रकरणाचंही फुटलं. पण खरं सांगायचं तर मला त्यात मजा आली, कारण घरातल्या प्रत्येकाची तक्रार ‘आवाज होतो’ हीच असली, तरी आवाज मात्र प्रत्येकाचा वेगळा होता, आणि हे कळायला आम्हाला बराच वेळ लागला.

आधी पैशांचं. बंड्या अकरावीला, कॉलेज दादरच्या पुढे. बेस्टचं किमान भाडं गेल्या वर्षी, २०२५ च्या मे महिन्यात, पाच रुपयांवरून दहा झालं. वहिनी त्याला रोज जाण्यायेण्याचे वीस रुपये द्यायची. बंड्याने बस सोडली. लालबागहून निघायचं, परळ टीटी, हिंदमाता, दादर टीटी, तिथून पुढे कॉलेज. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरलं की त्या दिवशी बस, आणि बसही अडकली की मग ना पैसे वाचले ना लेक्चर मिळालं. दादा स्वतः बेस्टमध्ये कंडक्टर. आपला मुलगा तिकिटाचे पैसे वाचवायला चालत जातो हे त्याला कळलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला आणि मग म्हणाला, “माझ्या डेपोत सांगू नका कोणी.”

हिशोब बंड्याने वहीच्या मागच्या पानावर ठेवला होता, तो मी पाहिलाय. जून ते सप्टेंबर बसचे वाचलेले १,१५०. आजीने पेन्शनच्या दिवशी दर महिन्याला दिलेले शंभर, म्हणजे ४००. गणपतीला आलेल्या मामाने दिलेले ५००. आणि मंडळाच्या वर्गणीदारांची यादी टाइप करून दिल्याचे ६००. ही शेवटची रक्कम मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ती यादी त्याने माझ्याकडच्या जुन्या कीबोर्डवर केली होती, आणि त्या कीबोर्डचं स्पेसचं बटण एका बाजूने दाबलं तर जायचंच नाही. शेकडो नावं, प्रत्येक नावात दोन तरी स्पेस. त्या यादीनंतर त्याची इच्छा हौसेच्या पलीकडे गेली.

त्या जुन्या कीबोर्डमध्ये काय होतं तेही सांगतो. साध्या कीबोर्डच्या बटणांखाली रबराचा एक अखंड पडदा असतो आणि त्यावर प्रत्येक बटणासाठी एक छोटा घुमट. बटण दाबलं की घुमट खचतो आणि खालच्या प्लास्टिकच्या दोन पातळ थरांवरच्या रेषा एकमेकींना चिकटतात. अक्षर उमटतं ते अगदी तळाला गेल्यावर. रबर वर्षानुवर्षं दाबून कडक झालं, किंवा एका बाजूला फाटलं, की बटण रुसतं, आणि एका बटणासाठी अख्खा पडदा बदलावा लागतो. म्हणजे व्यवहारात कीबोर्ड फेकावा लागतो. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो: आत स्प्रिंग, प्लास्टिकचा दांडा आणि तांब्याच्या मिश्रधातूची एक लवचिक पट्टी. दांडा एकूण चार मिलिमीटर खाली जातो, पण अक्षर साधारण अर्ध्या वाटेवर, दोन मिलिमीटरच्या आसपासच उमटतं. ही रचना चेरी या जर्मन कंपनीची, १९८० च्या दशकातली. तिच्या पेटंटची मुदत २०१४ च्या सुमारास संपली आणि चिनी कंपन्यांनी तेच माप, तीच रचना स्वस्तात काढायला सुरुवात केली. नाहीतर लालबागच्या अकरावीच्या पोराने बस चुकवून चालत कितीही जोडे झिजवले असते तरी हा हिशोब जुळला नसता.

ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. शनिवारी अशासाठी, की रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद. बंड्याने बरेच व्हिडिओ पाहून तयारी केली होती, त्याला नावं माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. मी त्याला एकच अट घातली होती: स्विच सोल्डर केलेले नकोत, खाली सॉकेट असलेला कीबोर्ड घ्यायचा, म्हणजे स्विच हाताने काढता-घालता येतो. पुढे एक जरी बिघडला तरी माझ्याकडे इस्त्री, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, गरम करायला यायला नको. काही स्वस्त कीबोर्डमध्ये सॉकेट असतं, पण त्याची भोकं बारीक असतात आणि त्यात एकाच कंपनीचे बारीक पिनांचे स्विच जातात. म्हणून मी खिशात दुसऱ्या कंपनीचा एक सुटा स्विच घेऊन गेलो होतो. दुकानदाराकडून चिमटा मागितला, एक स्विच उपटला, माझा घातला, बसला. दुकानदार म्हणाला, “साब, आप लेने आए हो या टेस्टिंग करने?”

काउंटरवर नऊ स्विचचा एक नमुन्याचा तुकडा होता. लाल दाबला तर सरळ खाली जातो, मध्ये काही लागत नाही. तपकिरी दाबला तर वाटेत एक बारीकसा उंचवटा जाणवतो. निळा दाबला तर उंचवटाही जाणवतो आणि ‘टिक’ असा स्वच्छ आवाजही येतो. बंड्याने निळा दाबला, परत दाबला, मग लाल दाबला, आणि परत निळ्यावर आला. मी म्हटलं, “घरी लाल बरा पडेल रे.” तो म्हणाला, “काका, याचा कुठे एवढा आवाज आहे?” आणि त्या क्षणी ते खरंच होतं. बाहेर टॅक्सीवाले हॉर्न वाजवत होते, हातगाडीवाला ओरडत होता, शेजारच्या दुकानात कोणीतरी स्पीकर लावून बघत होता. त्या गोंगाटात निळ्या स्विचचा आवाज जेमतेम ऐकू येत होता, म्हणून गोड वाटत होता. स्विच कसा आहे हे दुकानात बोटाला कळतं, कानाला नाही. पण पैसे त्याचे होते, चाल त्याची होती. मी गप्प बसलो. २,७९९ सांगितलेला कीबोर्ड २,६५० ला मिळाला. वहीतली बेरीज तेवढीच होती. परतीची बस माझ्या खर्चाने.

पहिल्या रात्रीची हकीकत मला भिंतीपलीकडूनच कळली. दादाला पहिली पाळी असते, पहाटे साडेतीनला उठायचं, म्हणून नऊला तो आडवा होतो. त्याची गादी बरोबर पोटमाळ्याच्या खाली. दहाच्या सुमारास बंड्याने वर टायपिंग सुरू केलं. सव्वादहाला दादाचा आवाज आला, “कोण खिळे ठोकतंय?” वहिनी म्हणाली, “खिळे नाहीत, ते मधूनच काहीतरी खुळखुळतंय ते बघ आधी.” बंड्याची ताई वर पोटमाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बसून शिकवण्या घेते, लॅपटॉपवरून. ती म्हणाली, “मला मुलं विचारतायत, मिस, तुमच्याकडे घड्याळ वाजतंय का?” आणि आई, म्हणजे बंड्याची आजी, जिला आपण शेजारी बसून हाक मारली तरी दुसऱ्यांदा ओ येते, तीही म्हणाली, “वरती काय धडधडतंय गं?”

लालबागमध्ये राहून कीबोर्डच्या आवाजाची तक्रार करणं हा विनोदच आहे. गणपतीचे दहा दिवस आमच्या खिडकीखालून ढोल-ताशे जातात, मध्यरात्रीपर्यंत दर्शनाच्या रांगेतला गोंधळ चालतो, आणि याच घरातली ही सगळी माणसं त्यात ढाराढूर झोपतात. बंड्याने हा मुद्दा मांडून पाहिला. ताईने त्याला नियम ऐकवला: निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा आहे. तो म्हणाला, मोज मग. मोजायला कोणाकडे धड साधन नव्हतं, आणि मोजून फार फायदाही झाला नसता. एकसारखा मोठा आवाज कान काही वेळाने सोडून देतो. पण टायपिंग म्हणजे दहा-बारा ठोके, मग विचार करायला शांतता, मग परत चार ठोके. झोपणारा माणूस त्या शांततेत पुढच्या ठोक्याची वाट बघत जागा राहतो. दादा म्हणाला तेही तेच: “वाजत असतो तेव्हा नाही, थांबतो तेव्हा जाग येते.”

चार दिवस भांडण झालं. वहिनीने कीबोर्ड कपाटात ठेवायची धमकी दिली, बंड्या जेवला नाही, आजीने मध्यस्थी केली, वगैरे. हे सगळ्या घरांत होतं तसंच झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. मधल्या काळात बंड्याने साठ रुपयांना रबराच्या बारीक चकत्या आणल्या. बटणाच्या टोपीखालच्या दांडीवर त्या चढवायच्या, म्हणजे बटण तळाला आपटताना रबरावर आपटतं. अख्खी दुपार घालवून त्याने सगळ्या अडुसष्ट बटणांना चढवल्या. ताई म्हणाली, काही फरक नाही. दादा म्हणाला, थोडा आहे बहुतेक. बंड्या चिडून माझ्याकडे आला: “काका, एक म्हणतं नाही, एक म्हणतं आहे. नक्की काय समजायचं?”

इथे मला पहिल्यांदा वाटलं की हे दोघं वेगवेगळ्या आवाजांबद्दल बोलतायत. पुढच्या रविवारी आम्ही माणसं जागच्या जागी बसवली. दादा गादीवर आडवा, वहिनी ओट्यापाशी, ताई वर तिच्या कोपऱ्यात, आई दाराशी. बंड्याला सांगितलं, आधी नुसतं ‘एफ’ दाब. एकदा सावकाश, टिक वाजेल इतकंच, तळापर्यंत नाही. ताईने हात वर केला. खाली कोणीच नाही. मग जोरात, तळापर्यंत. आता दादानेही हात वर केला आणि आईनेही. मग नुसतं स्पेस. वहिनी तिथूनच म्हणाली, “हेच ते!”

म्हणजे आवाज तीन होते. पहिला, टिक. निळ्या स्विचचा दांडा दोन तुकड्यांचा असतो: निळा दांडा आणि त्याच्याभोवती सैल बसलेला एक पांढरा तुकडा. बटण दाबताना तो पांढरा तुकडा पट्टीच्या उंचवट्यावर अडतो, आणि दाब पुरेसा झाला की एकदम सुटून खाली आदळतो. तो आदळण्याचा आवाज म्हणजे टिक. तो अर्ध्या वाटेवरच होतो, बटण तळाला पोचण्याच्या आधी. मग तळाला रबर लावलं काय आणि कापूस लावला काय, टिकला त्याचा पत्ताच नसतो. साठ रुपयांच्या चकत्या ताईसाठी का निरुपयोगी ठरल्या ते हे. हा आवाज बारीक, उंच पट्टीचा, हवेतून सरळ जाणारा. ताईच्या माइकने तो हमखास पकडला. आणि आईला तो मुळीच ऐकू आला नाही, कारण वयानुसार कान आधी उंच पट्टीचेच आवाज सोडतात.

दुसरा, ठोका. बटण तळाला आपटतं, तो धक्का कीबोर्डमधून बैठ्या टेबलात जातो, टेबलाच्या पायांतून फळ्यांत, आणि फळ्या खाली रिकाम्या जागेवर ताणलेल्या असल्याने ढोलकीच्या पानासारख्या वाजतात. हा आवाज खालच्या पट्टीचा. दादाला आणि आईला हाच ऐकू येत होता, आणि गंमत म्हणजे वर बसलेल्या बंड्याला तो जवळजवळ ऐकूच येत नव्हता. त्याच्या कानाशी टिकच इतकं जवळ होतं की त्याखाली ठोका बुडून जायचा. पोरगा खोटं बोलतोय असं सगळे म्हणत होते, ते त्याला लागलं होतं. त्याला खाली बोलावून मी वर जाऊन टाइप केलं, तेव्हा त्याने ऐकलं. “एवढं?” एवढंच म्हणाला.

तिसरा, खुळखुळ. स्पेस, एंटर, शिफ्ट, बॅकस्पेस ही बटणं लांब असतात. एका टोकाला दाबली तरी ती सरळ खाली जावीत म्हणून त्यांच्याखाली वाकवलेली एक पोलादी तार असते, तिला स्टॅबिलायझर म्हणतात. तारेची टोकं प्लास्टिकच्या खाचेत सैल बसवलेली असतात. स्वस्त कीबोर्डमध्ये तिथे ग्रीस नसतंच किंवा नावापुरतं असतं, त्यामुळे तार खाचेत खडखडते. त्यातही स्पेसचं बटण आतून पोकळ आणि सगळ्यात लांब, म्हणून त्याचा आवाज सगळ्यात मोठा.

तीन आवाज वेगळे झाल्यावर अर्धं काम झालं. ठोक्यापासून सुरुवात केली, कारण दादाची झोप सगळ्यात महाग. आधी खात्री करायची म्हणून बंड्याला कीबोर्ड गोधडीवर, मांडीवर घेऊन टाइप करायला सांगितलं. खाली दादा म्हणाला, “सुरू कर की.” तो कधीच सुरू झालेला होता. म्हणजे दोष फळ्यांपर्यंतच्या वाटेचा. पण गोधडीवर कीबोर्ड हलतो, रोजच्या कामाचं नाही ते. आम्ही माझ्या जुन्या हवाई चपलांचे तुकडे कापून बैठ्या टेबलाच्या पायांखाली दोन-दोन थर लावले आणि कीबोर्डखाली वहिनीच्या फाटलेल्या योगा मॅटचा एक पट्टा घातला. या कामाला कडक रबर चालत नाही, दाबलं की थोडं बसेल असं लागतं. आणि टेबल भिंतीला कुठे टेकता कामा नये, नाहीतर धक्का पायांऐवजी भिंतीतून उतरतो. आमचं टेबल एका कोपऱ्यात अँगलला लागत होतं, ते बोटभर सरकवल्यावर उरलेला ठोकाही बराचसा गेला. संपूर्ण नाही गेला. दादाने तोडगा मान्य केला, नऊ ते साडेनऊ एवढा वेळ सोडून. झोप एकदा लागली की मग चालेल म्हणाला.

खुळखुळीचं काम माझ्या रोजच्यातलंच. केबल काढली, स्पेसची टोपी सरळ वर ओढून काढली, तार उघडी पडली. प्रिंटरच्या गिअरना लावायचं सिलिकॉन ग्रीस माझ्या बॅगेत असतं. काडीच्या टोकावर घेऊन तारेच्या दोन्ही टोकांना आणि खाचेत लावलं. इथे मोह आवरावा लागतो. जास्त झालं तर बटण वर यायला आळस करतं, आणि ग्रीस स्विचमध्ये उतरलं तर वेगळीच डोकेदुखी. बंड्याने पहिल्यांदा भरपूर लावलं, स्पेस दाबल्यावर ते विचार करून वर यायला लागलं, मग पुसून परत. स्पेसच्या टोपीच्या आतल्या पोकळीत टीव्हीच्या खोक्यातल्या पांढऱ्या फोमच्या पातळ पट्ट्या बसवल्या, दांडीच्या जागा मोकळ्या ठेवून. काळा फोम घेऊ दिला नाही, कारण इलेक्ट्रॉनिक भागांबरोबर येणारा काळा फोम बऱ्याचदा वीजवाहक असतो आणि तो सर्किटजवळ नकोच. वहिनीला मुद्दाम न सांगता संध्याकाळी बंड्याने यादी टाइप करायला घेतली. तासाभराने ती म्हणाली, “आज वापरला नाहीस का तो?”

राहिली ताई आणि तिचं टिक. त्याला खरंच उपाय नाही. टिक हा त्या स्विचचा दोष नव्हे, तेच त्याचं काम आहे. त्यासाठीच तो पांढरा तुकडा आत बसवलाय. स्विच उघडून तो पांढरा तुकडा दांड्याला चिकटवणारे लोक आहेत, पण अडुसष्ट स्विच उघडायचे, प्रत्येकातली स्प्रिंग सांभाळायची, आणि शेवटी हाती लागणार एक बरा लाल स्विच. मग लालच का नको? दांड्याला रबराच्या गाद्या लावलेले मुके स्विच मिळतात, पण अख्खा संच घ्यायचा तर कीबोर्डच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त पैसे. बंड्याच्या वहीत तेव्हा ७० रुपये होते.

तोडगा कॉलेजमध्ये निघाला. त्याच्या वर्गातल्या मुलुंडच्या एका मुलाकडे लाल स्विचचा सॉकेटवालाच कीबोर्ड होता, आणि त्याला निळ्याचं वेड लागलं होतं. त्याच्या घरी स्वतःची खोली आहे, दाराला कडी आहे. अदलाबदल ठरली. दोघं पोरं एका रविवारी माझ्या खोलीत आली आणि जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसली.

काढणं सोपं. चिमट्याने स्विचच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या कड्या दाबायच्या आणि सरळ वर ओढायचं, वाकडं नाही. घालणं नाजूक. स्विचला खाली दोन पिना असतात, कागदासारख्या पातळ. त्या आधी चिमट्याने सरळ करून घ्यायच्या, दोन्ही भोकांवर नीट धरायच्या आणि मग अंगठ्याने दाबायचं. दाबताना कीबोर्डच्या पाठीला आधार हवा, कारण सॉकेट मागच्या बाजूने नुसतं सोल्डरवर धरलेलं असतं. पाठ अधांतरी ठेवून जोर लावला तर सॉकेट पट्टीसकट सुटतं, आणि मग माझी इस्त्री गरम करावी लागतेच. मुलुंडवाल्याने मांडीवर कीबोर्ड धरून दाबायला घेतलं तेव्हा मी ओरडलो, त्याने तो जमिनीवर ठेवला. एवढं करूनही बंड्याचं ‘एन’ उमटेना. दाबलं जातंय, वर येतंय, स्क्रीनवर काही नाही. अशा वेळी कीबोर्ड खराब झाला असं वाटतं, पण दहातल्या नऊ वेळा पिन भोकात न जाता आत दुमडलेली असते. स्विच उपटला, एक पिन सपाट झोपली होती. चिमट्याने उभी केली, सावकाश, कारण दोन-तीनदा वाकवली की ती तुटते. परत घातला, ‘एन’ आलं. मग पोरांनी वहीत सगळ्या बटणांची यादी करून एकेक दाबून खूण केली.

लाल स्विच हलका असतो, पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास दाब पुरतो, आणि वाटेत उंचवटा नसल्याने बोट नुसतं टेकवलं तरी अक्षर उमटतं. पहिले काही दिवस बंड्याच्या यादीतल्या नावांना जास्तीच्या वेलांट्या फुटत होत्या. त्याला निळ्याची आठवण येते हे तो लपवत नाही. टिक नसल्याने अक्षर कधी उमटलं ते बोटाला कळत नाही, म्हणून तो बटणं आणखी जोरात तळापर्यंत आपटायला लागला. आणि इथे मात्र त्या साठ रुपयांच्या चकत्या कामी आल्या. टिकपुढे त्यांचं काही चाललं नव्हतं. नुसत्या आपटण्यापुढे चाललं. ताईची मुलं घड्याळाबद्दल विचारायची बंद झाली.

अदलाबदलीत बंड्याने एक निळा स्विच मागून घेतला होता, तो त्याने एस्केपच्या जागी लावलाय. दिवसातून दोन-चारदा तो वाजतो, त्याला कोणी काही म्हणत नाही. किंबहुना आईला वाटतं घरात कीबोर्ड आहे की नाही कोण जाणे.

गेल्या आठवड्यात वहिनीने मला हाक मारली. वर पोटमाळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “भाऊजी, कीबोर्ड ठीक झाला, पण आता ते दुसरं काय चटचट वाजतंय?” मी कान दिला. माऊस होता. तो पहिल्यापासून तितकाच वाजत होता, कीबोर्डच्या आवाजाखाली कोणाला ऐकू येत नव्हता. बंड्या वरून म्हणाला, “आई, आवाज न होणारा माऊस सातशेला येतो.” वहिनी म्हणाली, “मग चाल.”